टिंगू-पिंगूची नावं बदलायची आहेत. जोडीची वाटतील, पण हाकेत गोंधळ होणार नाही अशी सुचवा

गवतीचहा
मंडळी, घरात दोन ससे आहेत, वय सात महिने. एक मादी, पांढरीशुभ्र. एक नर, तपकिरी, त्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे दोघं एकत्रच राहतात. आणले तेव्हा लेकीने हौसेने टिंगू आणि पिंगू ठेवलं. ऐकायला गोड, यमकही जुळलं, सगळे खूश.

गेल्या महिन्यात पिंगूचा डोळा आला. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा थेंब सांगितले. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "पिंगूला थेंब घातले का?" नवऱ्याने ऐकलं टिंगू. त्याने टिंगूला घातले. संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलं, "टिंगूचे झालेत हं," मी ऐकलं पिंगू. अशा रीतीने एका दिवसात निरोगी सशाच्या डोळ्यात दोनदा औषध आणि आजारी सशाच्या डोळ्यात एकदाच. काही बिघडलं नाही, पण मी हबकले.

ससेही कुठलंही नाव घेतलं तरी दोघंच्या दोघं धावत येतात. तर नवी नावं हवीत. जोडी वाटली पाहिजे, लेकीची अट आहे. खाण्यातली असली तर उत्तम.

खमंग_काकडी
पोहा आणि चहा! सकाळी दोघं एकदम लागतात.

पाटीलकाका
दोघांचा जन्म कोणत्या नक्षत्रावर ते कळवा, आद्याक्षर सांगतो. जुळ्यांसाठी शक्यतो एकाच अक्षरावरून ठेवू नये, दुसरं चरण धरावं.

गवतीचहा
काका, ससे आहेत. दुकानातून आणलेत. दुकानदाराला वारसुद्धा आठवत नव्हता.

पाटीलकाका
असं होय. मी "जोडी" एवढंच वाचलं. तरी पण वेगळ्या अक्षराचं तेवढं लक्षात ठेवा.

सर्वज्ञ_सांगली
सोपं आहे. नावात क, ट, प असे कडक वर्ण हवेत आणि नाव दोन अक्षरी हवं. प्राण्याला तेवढंच कळतं. शिवाय सशाला खालचा सूर ऐकूच येत नाही, त्यामुळे ऊकारान्त नावं सरसकट बाद. किट्टी आणि पट्टी ठेवा.

कानोसा
गवतीचहा, मी ऐकायला कमी येणाऱ्या मुलांबरोबर बरीच वर्षं काम केलं आहे. कुठला शब्द कुठल्या शब्दासारखा ऐकू येतो, हा माझा रोजचाच धंदा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टिंगू-पिंगूमध्ये वेगळं काय आहे? फक्त ट आणि प. हे दोन्ही वर्ण म्हणजे तोंडातून सुटलेला एक छोटासा फटका. समोर बसून बोलताना तो स्पष्ट ऐकू येतो. पण मध्ये एक भिंत, डोक्यावर पंखा आणि गॅसवर कुकर असला की तो फटकाच आधी हरवतो. उरतं ते "-इंगू". म्हणजे तुमच्या नवऱ्याने चुकीचं ऐकलं असं नाही. त्याच्यापर्यंत जे पोचलं त्यावरून त्याने अंदाज केला.

दुसरी गोष्ट आपल्या हाकेची. मराठी माणूस हाक मारताना शेवटचा स्वर ताणतो. "टिंगूऽऽऽ". सगळा जोर त्या ऊवर. दोन्ही नावं ऊकारान्त असतील तर हाक एकच झाली. म्हणून यमक जुळणारी जोडी कानाला गोड लागते आणि कामाला निकामी ठरते. जे सारखं आहे तेच लांबपर्यंत जातं, जे वेगळं आहे ते दारातच गळतं.

तेव्हा उलट करायचं. जो स्वर ताणला जाणार तो वेगळा ठेवायचा आणि जोडीपणा दुसरीकडून आणायचा: अर्थातून, लांबीतून, मधल्या एखाद्या व्यंजनातून. आ, ई आणि ऊ हे तीन स्वर एकमेकांपासून सगळ्यात लांबचे. दोन नावांच्या शेवटी यांतले दोन वेगळे आले की अर्धं काम झालं.

त्या कसोटीवर पोहा-चहा नापास. "पोहाऽऽ", "चहाऽऽ". अर्थाने झकास जोडी, हाकेत एकच.

सांगलीकर, किट्टी-पट्टीचंही तेच. दोन्हीकडे ट्टी. कडक वर्णांचं तुमचं म्हणणं एका खोलीपुरतं बरोबर आहे, नाव उठून दिसतं. पण दोन नावं वेगळी ठेवायला ते कमी पडतात.

सर्वज्ञ_सांगली
आणि खालच्या सुराचं?

ससेहोलपट
ते मी सांगतो, कारण माझ्याकडे बारा वर्षं ससे होते. अगदी खर्जातले आवाज त्यांना आपल्याइतके ऐकू येत नाहीत, वरचे मात्र आपल्यापेक्षा खूप जास्त. पण माणसाने म्हटलेला ऊ म्हणजे निव्वळ खर्ज नव्हे, त्यात वरचंही बरंच असतं. माझा लाडू चांगला ऊकारान्त होता आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाहून यायचा. ऊ बाद नाही. दोन ऊ एका घरात बाद.

जुळ्यांची_आई
अगदी अगदी! आमच्याकडे माणसांचं हेच झालंय. अमेय आणि प्रमेय. बारशाला सगळ्यांनी कौतुक केलं. आता दहावीत आहेत, घरात फोन आला की "मेय आहे का" एवढंच ऐकू येतं. एकाचा चश्मा दुसऱ्याच्या नावावर बनून आला होता. सशाचं नाव बदलता तरी येतं.

लव्हबर्ड_लातूर
माझ्याकडे लव्हबर्डची जोडी आहे, एक हिरवा, एक निळा. त्यांना नावाची गरजच नाही असं माझं मत. ते हाकेला येत नाहीत, आले तर जोडीनेच येतात. मी शिट्टी वाजवतो, एकाला चढती, एकाला उतरती. तरी घरच्यांनी नावं ठेवलीच: राघू आणि मैना. पाच महिन्यांनी राघूने अंडी घातली. मैनेनेही घातली. एका मडक्यात नऊ अंडी, एकही फळलं नाही. तेव्हा कळलं की दोन्ही माद्या. यांच्यात नरमादी दिसण्यावरून ओळखू येत नाही. खात्री हवी असेल तर पिसावरून डीएनए तपासून घेतात, पण आधी नाव ठेवून मग तपासणारे आम्ही.

खमंग_काकडी
राघूने अंडी घातली, हे वाक्य फ्रेम करून लावणार आहे.

कानोसा
जोडी म्हणून मात्र राघू-मैना माझ्या कसोटीला उतरते. ऊ आणि आ, आतले स्वरही वेगळे, आणि तरी एका दमात म्हटलं की जोडी. आपल्या जुन्या जोड्या बघा: सुई-दोरा, लिंबू-मिरची. यमक कुठेच नाही, पण एक म्हटलं की दुसरं आठवतं.

याउलट गोडधोड, शेजारीपाजारी, उरलंसुरलं यांत दुसऱ्या शब्दाला स्वतःचा जीवच नाही. "धोड, इकडे ये" म्हणून बघा. यमकाच्या जोडीत पुष्कळदा हेच होतं. एक खरं नाव असतं आणि दुसरं त्याची शेपटी.

खमंग_काकडी
आमच्या मामांकडे खरोखर मोती आणि बिती असे दोन कुत्रे होते. बितीला आयुष्यभर कमीपणा वाटत असणार.

गवतीचहा
लिंबू-मिरची लेकीला आवडलं होतं, पण सासूबाई म्हणाल्या, दारात टांगायच्या वस्तूचं नाव मुक्या जिवाला नको. सुई-दोऱ्याला सुई नको, टोचते. (हे लेकीचं.)

मग मला एक सुचलंय. एक पांढरी, एक तपकिरी. तीळ आणि गूळ! कानोसाताई, चालेल?

कानोसा
फार छान आहे, आणि का छान आहे तेही बघण्यासारखं. शेवट ळने होतोय, म्हणजे कानाला यमकाचं समाधान मिळतंय. पण हाक मारताना ळ ताणता येत नाही, आधीचा स्वर ताणला जातो. "तीऽऽळ", "गूऽऽळ". ई आणि ऊ. जे सारखं आहे ते लांबत नाही, जे वेगळं आहे तेच लांबतं. टिंगू-पिंगूच्या बरोबर उलट.

फक्त एक भीती. एवढं आखूड नाव आपल्याकडे टिकत नाही. लाडाने काय म्हणाल?

गवतीचहा
अं... तिळू आणि गुळू.

अरे देवा.

कानोसा
तेच. मराठी घरात कुठल्याही नावाला आठवड्याभरात ऊ चिकटतो. कागदावर तीळ-गूळ, घरात तिळू-गुळू, आणि पुन्हा दोघांची हाक "-ळूऽऽ". म्हणून ठरवलेलं नाव तपासू नका, ते बिघडून जे होणार ते तपासा. घरातल्या सगळ्यात लाडावणाऱ्या माणसाला विचारा.

ससेहोलपट
सासूबाईंना विचारा.

उंबरठा
लाडाचंच रूप नाव म्हणून ठेवा ना, मग त्याच्या पुढे बिघडायला जागा राहत नाही. मादी आहे तर तिळी. नर आहे तर गुळ्या.

कानोसा
उंबरठा, वा! तिळी-गुळ्या. दोन्ही दोन अक्षरी, मध्ये दोघांत ळ, त्यामुळे भावंडं वाटतात. सुरुवातीला त आणि ग, आत इ आणि उ, शेवटी ई आणि आ. तीन ठिकाणी फरक आहे. एखादा पंख्याने खाल्ला तरी दोन उरतात.

प्रत्यय लावूनही बघा, कारण घोळ हाकेत नाही, वाक्यात झाला होता. "तिळीला थेंब घातले का" आणि "गुळ्याला थेंब घातले का". टिंगूला-पिंगूला म्हणताना शेवटची दोन अक्षरं सारखीच राहतात. इथे ळी आणि ळ्या मध्ये उभे आहेत.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. वीस चिठ्ठ्या करा, दहांवर एक नाव, दहांवर दुसरं. चिठ्ठ्या मिसळा. तुम्ही स्वयंपाकघरात, नवरा आतल्या खोलीत, दार लोटलेलं, पंखा चालू. एकेक चिठ्ठी उघडून त्यावरचं नाव नेहमीच्या आवाजात एकदाच वाक्यात म्हणा. पुन्हा म्हणायचं नाही. त्याने ऐकलेलं लिहायचं, कळलं नाही तरी अंदाजाने काहीतरी लिहायचंच. एक फेरी जुन्या नावांची, एक नव्यांची. मग ताळा करा.

गवतीचहा
रविवारी केलं. नवऱ्याला आधी हसू आलं, मग ईर्ष्येला पेटला.

टिंगू-पिंगू: वीसपैकी सात चुकले.
तिळू-गुळू: तीन चुकले.
तिळी-गुळ्या: शून्य. मिक्सर लावूनही केलं, तेव्हा एक चुकला.

सर्वज्ञ_सांगली
सातच चुकले म्हणजे तेरा बरोबर आले की. एवढं काही वाईट नाही.

कानोसा
काहीही न ऐकता नाणं उडवून लिहिलं असतं तरी साधारण दहा बरोबर आले असते, सर. तेरा म्हणजे त्याहून थोडंच बरं. आणि एका माणसाची एकच फेरी आहे, एकदोन आकडे इकडेतिकडे होणारच. पण सात आणि शून्य यातला फरक पुरेसा बोलका आहे.

ससेहोलपट
माणसांचं झालं, आता सशांचं. गवतीचहा, कुठल्याही नावाला दोघं धावत येतात म्हणालात. त्याचा दोष नावांवर ढकलू नका. खाऊ देताना दोघांना एकदम हाक मारता ना?

गवतीचहा
हो. "टिंगूपिंगूऽऽ" आणि डब्याचा आवाज.

ससेहोलपट
मग त्यांच्या लेखी ते एकच नाव आहे आणि अर्थ आहे "डबा उघडला".

मांजरांवर याबाबत एक काम झालंय. जपानमध्ये, अत्सुको साईतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २०१९ साली छापून आलं. मांजराला आधी त्याच्या नावाइतक्याच लांबीचे दुसरे शब्द ऐकवायचे, ते कंटाळलं की त्याचं नाव ऐकवायचं, आणि कान-मान हलते का बघायचं. घरातल्या मांजरांना आपलं नाव आणि सोबतच्या मांजरांची नावं यातला फरक कळला. मांजरांच्या कॅफेत राहणाऱ्यांना तो तसा दिसला नाही. कारण काय असावं? कॅफेत कोणीही कोणालाही हाक मारतं आणि जवळ येईल त्याला गोंजारतं. आता ससा म्हणजे मांजर नव्हे, हे मान्य. पण तुमचं घर सध्या कॅफे आहे.

मी काय करायचो ते सांगतो. आठवडाभर दोघांना दिवसातून दोनदा वेगळ्या खोलीत. नाव एकदाच घ्यायचं आणि लगेच कोथिंबिरीचं एक पान. नाव आधी, पान नंतर, मध्ये फार तर श्वासाएवढं अंतर. पाचसहा वेळा झालं की बंद. गाजर नको, गोड असतं, पोट बिघडतं. नंतर दोघं एकत्र, आणि मदतीला दुसरा माणूस. "तिळी" म्हटलं की तिळीला पान, गुळ्या धावत आला तर त्याला काही नाही. ओरडायचंही नाही, नुसतं काही नाही. मग त्याची पाळी.

डबा हातात नको, खिशात चार पानं आधीच ठेवा. नाहीतर नाव शिकले की खुळखुळाट शिकले ते कधीच कळणार नाही.

आणि औषधासाठी किंवा नखं कापायला नावाने बोलावू नका. आपण उठून जायचं. दोनदा फसवलंत की तिसऱ्यांदा सोफ्याखाली.

लव्हबर्ड_लातूर
कोथिंबिरीचं ऐकून सांगतो, आमचे दोघे कोथिंबिरीला एकमेकांच्या डोक्यावरून येतात. त्यांना वेगवेगळं शिकवायला वेगळ्या खोलीत नेलं तर दोघं भिंतीतून इतका कल्ला करतात की शेजारी येतात. याला उपाय?

ससेहोलपट
पक्ष्यांचं मला माहीत नाही. सशांनाही मी लांब नेत नसे, जाळीच्या अलीकडे-पलीकडे, एकमेकांना दिसतील असे ठेवायचो.

जुळ्यांची_आई
एक शंका. जुनं नाव मोडल्याने गोंधळत नाहीत का? इतके दिवस टिंगू ऐकलंय.

ससेहोलपट
ज्या नावाचा अर्थ "डबा" होता ते मोडल्याचं दुःख कशाला. माझ्या एका सशिणीचं नाव तीन वर्षांची असताना बदललं होतं. तीनेक आठवड्यांत नव्या नावाला यायला लागली. जुनं नाव घरात कोणीच घ्यायचं नाही, एवढं पाळलं.

गवतीचहा
दोन आठवड्यांनी लिहितेय. तिळी शिकली. नक्की शिकली, कारण मी पाठमोरी बसून हळू म्हटलं तरी उठून येते आणि "गुळ्या" म्हटलं तर कान फिरवून पुन्हा झोपते. गुळ्या मात्र अजून दोन्ही नावांना येतो.

ससेहोलपट
त्याला कळत नाही असं लगेच समजू नका. न बोलावता गेलं तरी कधीतरी पान मिळतं, असं त्याला कळलेलं असू शकतं. तिळीच्या पाळीला तिच्या तोंडचं पान तो हिसकावतो का?

गवतीचहा
हो. हिसकावतो. आणि सासूबाई त्याला गुपचूप वेगळं पानही देतात, "बघा कसा बिचारा आशेने बसलाय."

ससेहोलपट
मग ससा हुशार आहे.

सर्वज्ञ_सांगली
गुळ्या हे नाव जरा गावठी नाही वाटत? गुळाचा गणपती म्हटल्यासारखं.

गवतीचहा
नवऱ्यालाही तसंच वाटतं. डॉक्टरांकडे नाव पुकारलं की त्याला लाज वाटते म्हणे. त्यामुळे कार्डावर "गूळ" लिहिलंय. तिळीच्या कार्डावर तिळीच. यावरून घरात अजून वाद चालू आहे, मी त्यात पडत नाही.

थेंब मात्र आता बरोबर डोळ्यात पडतात. शिवाय फ्रिजवर कागद लावलाय, ज्याने घातले त्याने खूण करायची.

कानोसा
कागद काढू नका. घाईत तोंडातून भलतंच नाव गेलं, तर ते कितीही स्पष्ट ऐकू आलं तरी काय उपयोग.

खमंग_काकडी
लेक काय म्हणतेय?

गवतीचहा
लेक म्हणतेय तिसरा ससा आणू, त्याचं नाव हलवा. मी म्हटलं, गुळ्या आणि हलवा, दोघांचा शेवट आ. तर कानोसाताईंना विचार म्हणाली.